चौकटीतला परदेशी रस्ता

परदेशी विद्यापीठाचा अर्ज भरून झालेला असतो, किंवा परदेशातल्या एखाद्या संग्रहालयाचं तिकीट काढायचं असतं. शेवटच्या पानावर "I'm not a robot" या शब्दांशेजारच्या रिकाम्या चौकोनावर टिचकी मारली की एक निळी पट्टी उघडते. तिच्यावर लिहिलेलं असतं: "Select all images with fire hydrants". खाली नऊ छोटे फोटो असतात. कुठे झाडाखालचा पदपथ, कुठे लाल खांब, कुठे भिंतीतून बाहेर आलेला पितळी नळ. सांगलीत किंवा साताऱ्यात बसून हा अर्ज भरणाऱ्या माणसाला इंग्रजी वाक्य कळतं. अडचण असते ती फोटोतली कोणती वस्तू त्या नावाची आहे, हे ओळखण्याची. ती वस्तू त्याने आयुष्यात कधी पाहिलेलीच नसते.

या पडताळणीला कॅप्चा म्हणतात आणि चित्रांचा हा सर्वांत परिचित प्रकार गूगलच्या रिकॅप्चाचा. त्यातले फोटो बहुतेक रस्त्यावरचे असतात आणि रस्ते बहुतेक अमेरिकेतले दिसतात. विचारल्या जाणाऱ्या वस्तू मोजक्याच आहेत: फायर हायड्रंट, रस्ता ओलांडण्याचे पट्टे, सिग्नल, पार्किंग मीटर, चिमणी, जिने, पूल, बस, सायकल, मोटारसायकल, टॅक्सी, ट्रॅक्टर, ताडमाड, डोंगर अशा वीसेक. या वस्तू तिकडे कशा दिसतात हे एकदा नीट समजून घेतलं की निम्मी अडचण संपते. उरलेली निम्मी अडचण बरोबर उत्तर कोण ठरवतं, या प्रश्नाची आहे. ती आधी सोडवलेली बरी.

कॅप्चाची कल्पना अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात लुइस फॉन आन, मॅन्युएल ब्लुम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० सालच्या सुमारास पुढे आणली. त्यातून २००७ मध्ये रिकॅप्चा निघालं आणि २००९ मध्ये गूगलने ते विकत घेतलं. सुरुवातीला त्यात जुन्या छापील मजकुरातले दोन वेडेवाकडे शब्द दाखवत. एका शब्दाचं उत्तर यंत्रणेला माहीत असे आणि दुसऱ्याचं नसे. तुम्ही माहीत असलेला शब्द बरोबर टाइप केलात की तुम्ही माणूस आहात असं धरलं जाई. मग न कळलेल्या शब्दाचं तुमचं उत्तर आणि इतर लोकांची उत्तरं जुळली की ते बरोबर मानलं जाई. न्यूयॉर्क टाइम्सचे जुने अंक याच पद्धतीने संगणकावर आले. पुढे घरांच्या पाट्यांवरचे आकडे आले आणि डिसेंबर २०१४ पासून चौकोनावरची ती टिचकी आणि चित्रांची निवड आली.

चित्रांच्या निवडीत कोणतं उत्तर किती चुकलं तर चालतं, याचं गणित गूगलने उघड केलेलं नाही. पण इतिहासावरून पाया दिसतो. फोटोत काय आहे हे इथे एखाद्या अभियंत्याच्या व्याख्येने ठरत नाही, बहुतेक माणसं तो फोटो पाहून काय म्हणतात यावर ठरतं. म्हणून पट्टीवरची सूचना वाचताना स्वतःला विचारायचा प्रश्न असा: अमेरिकेतल्या रस्त्याने चाललेला साधा माणूस या फोटोकडे दोन सेकंद पाहून त्यात ही वस्तू आहे असं म्हणेल का? पुढच्या सगळ्या शंका याच प्रश्नाने सुटतात. फार बारकाईने पाहणारा हुशार माणूस अनेकदा अडकतो तो इथेच.

आता सूचनेचं वाक्य. त्यातला एक शब्द लोक वाचतच नाहीत आणि तिथे गडबड होते. "Select all images with" असं लिहिलं असेल तर समोर नऊ वेगवेगळे फोटो असतात, तीन ओळींत तीन. प्रत्येक फोटोचा निर्णय स्वतंत्र. "Select all squares with" असं असेल तर समोर एकच मोठा फोटो असतो आणि त्यावर रेघा मारून त्याचे चार ओळींत चार असे सोळा तुकडे केलेले असतात. तिथे एकच वस्तू तीन-चार तुकड्यांत पसरलेली असू शकते आणि ते सगळे तुकडे निवडायचे असतात. दुसऱ्या प्रकारात वाक्याखाली बहुधा "If there are none, click skip" असं असतं. म्हणजे वस्तू फोटोत नसेलच, तर एकही तुकडा न निवडता खालचं "SKIP" दाबायचं. काहीतरी निवडायलाच हवं या समजुतीने अनेकजण तिथे उगाच एखादा तुकडा निवडतात.

नऊ फोटोंच्या प्रकारात कधी कधी "Click verify once there are none left" असंही लिहिलेलं असतं. याचा अर्थ, फोटो निवडला की तो हळूहळू विरून जातो आणि त्या जागी नवा फोटो येतो. नव्यातही ती वस्तू असेल तर तोही निवडायचा. एकही उरला नाही की मगच "VERIFY". घाईत नवे फोटो उमटायच्या आधीच बटण दाबलं तर "Please also check the new images." असा संदेश येतो. तो आला म्हणजे आधीची उत्तरं चुकली असं नव्हे. उशिरा आलेला एखादा फोटो बघायचा राहिला, एवढंच.

फायर हायड्रंटपासून सुरुवात करू. आपल्याकडे उंच इमारतीत जिन्याशेजारी लाल पाइप आणि त्याला झडप असते. आगीसाठीचं पाणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ती किंवा रस्त्याने घंटा वाजवत जाणारा बंब येतो. अमेरिकेत मात्र रस्त्याच्या कडेला, पदपथाच्या काठाशी, कमरेहून बुटका असा ओतीव लोखंडाचा खांब जमिनीतून वर आलेला असतो. डोक्यावर घुमटासारखी टोपी आणि तिच्या माथ्यावर पाना लावायचा पाचकोनी नट. अंगाला दोन-तीन बाजूंनी जाड तोटीची तोंडं, त्यांवर फिरवून बसवलेली झाकणं आणि झाकण हरवू नये म्हणून कधी कधी बारीक साखळी. टोपी आणि बाजूची तोंडं ही दोन लक्षणं दिसली की तो हायड्रंट.

तो जमिनीवर उभा असण्यामागेही कारण आहे. अमेरिकेच्या थंड भागात हिवाळ्यात जमीन वरून गोठते. पाणी अडवणारी झडप त्यामुळे खोल, गोठणाऱ्या थराच्या खाली ठेवतात आणि वरचा खांब एरवी कोरडा असतो. माथ्यावरचा नट फिरवला की खालची झडप उघडते आणि पाणी वर चढतं. बर्फाच्या ढिगाऱ्यातही जागा सापडावी म्हणून काही गावांत त्याला उंच लवचीक काठी किंवा झेंडा लावतात. फोटोत बर्फातून नुसती काठी आणि टोपीचं टोक दिसत असेल, तर तोही हायड्रंटच.

रंगावर मात्र विसंबू नये. तिथल्या अग्निसुरक्षेच्या प्रमाणकांत टोपीचा आणि झाकणांचा रंग पाण्याच्या प्रवाहावरून सुचवलेला आहे. मिनिटाला १५०० गॅलन किंवा त्याहून अधिक, म्हणजे सुमारे ५७०० लिटर पाणी मिळत असेल तर फिकट निळा, त्याखाली हिरवा, मग नारिंगी आणि ५०० गॅलनहून कमी असेल तर लाल. प्रत्येक गाव हे पाळतंच असं नाही. त्यामुळे पिवळा, लाल, चंदेरी, काळा, दोन रंगी असे सगळे हायड्रंट फोटोंत दिसतात. फसवणारे असतात ते शेजारचे खांब. गाड्या पदपथावर चढू नयेत म्हणून रोवलेल्या पिवळ्या खुंट्याला तोंडं नसतात. टेलिफोनच्या तारांची हिरवी पेटी चौकोनी असते. इमारतीच्या भिंतीतून निघालेली दोन तोंडांची पितळी तोटी आगीसाठीच असते, पण ती बंबाचं पाणी इमारतीत चढवण्यासाठी आहे. रस्त्यावरचा माणूस तिला हायड्रंट म्हणत नाही, म्हणून ती सोडायची.

आपल्या वाचकाला सर्वांत जास्त चकवतात ते "crosswalks". आपल्या मनातलं चित्र झेब्रा क्रॉसिंगचं, काळ्या डांबरावर जाड पांढरे पट्टे. अमेरिकेतही तसे पट्टे आहेत. पण तिथल्या असंख्य चौकांत रस्त्यावर आडव्या, एकमेकींना समांतर अशा फक्त दोन पांढऱ्या रेषा असतात. मधे काही नाही, नुसतं डांबर. त्या दोन रेषांमधून चालायचं आणि तीच रस्ता ओलांडण्याची जागा. जाड पट्टे नाहीत म्हणून आपण तो फोटो सोडून देतो आणि उत्तर चुकतं.

एक नमुना घेऊन नऊ फोटो तपासू. पहिल्यात जाड पांढरे पट्टे, शंका नाही, निवडा. दुसऱ्यात चौकाच्या तोंडाशी दोन समांतर रेषा, गाडी त्यांच्या अलीकडे थांबलेली, निवडा. तिसऱ्यात एकच रुंद रेषा आणि पलीकडे काहीच नाही. ही गाडी थांबवायची रेषा, इंग्रजीत तिला स्टॉप लाइन म्हणतात. ती सोडा. चौथ्यात शाळेजवळचे पिवळे पट्टे. काही राज्यांत शाळेपाशी ते पिवळेच रंगवतात, म्हणून निवडा. पाचव्यात दोन रस्ते जिथे मिळतात तिथल्या त्रिकोणी जागेत तिरक्या रेघा. ती गाड्यांनी टाळायची जागा, माणसांनी ओलांडायची नव्हे, सोडा. सहाव्यात विटांसारखा लाल पट्टा रस्त्यावर आडवा गेलेला आणि दोन्ही कडांना पांढरी रेघ, निवडा. सातव्यात वाहनतळावर अपंगांच्या गाडीशेजारी मारलेल्या निळ्या-पांढऱ्या तिरक्या रेघा, सोडा. आठव्यात दूरवर, ट्रकच्या चाकांमागून डोकावणारे तीन पट्टे. लहान दिसत असले तरी स्पष्ट आहेत, निवडा. नवव्यात नुसता हमरस्ता आणि लेन वेगळ्या करणाऱ्या तुटक रेघा, सोडा.

इथे ओळखायची खूण रेषांच्या दिशेत आहे. माणूस एका पदपथावरून समोरच्या पदपथावर जाईल, ती वाट रेषांनी आखलेली आहे का, हे पाहायचं. वाट आखलेली असेल तर रेषा दोन असोत की दहा, पांढऱ्या असोत की पिवळ्या, उत्तर होय.

सोळा तुकड्यांच्या प्रकारात सिग्नल हमखास येतो आणि तिथे प्रश्न असतो काठांचा. अमेरिकेत सिग्नल आपल्यासारखा नेहमी कडेच्या खांबावर नसतो. रस्त्यावर आडव्या आलेल्या लांब लोखंडी हातावर किंवा तारेवर तो लटकवलेला असतो आणि काही ठिकाणी तिन्ही दिवे आडवे असतात. समजा फोटोत असा एक सिग्नल आहे. त्याची पेटी तिसऱ्या स्तंभातल्या वरच्या दोन तुकड्यांत आहे. दिव्यावरच्या झापडीचं टोक चौथ्या स्तंभात जेमतेम डोकावतं. आडवा हात वरच्या ओळीतून जातो आणि खांब उजवीकडे खालपर्यंत आहे. वरचा प्रश्न पुन्हा विचारायचा. साधा माणूस सिग्नल म्हणतो तो दिव्यांच्या पेटीला, खांबाला नव्हे. म्हणून ते दोन तुकडे निवडायचे, हात आणि खांब सोडायचे. झापडीचं केसाएवढं टोक मी सोडतो, पण तुकड्याचा पाव भाग तरी पेटीने व्यापला असेल तर घेतो. अशा सीमेवरच्या एखाद्या तुकड्याने पडताळणी सहसा अडत नाही, कारण तिथे माणसांचंही एकमत नसतं. अडते ती पूर्ण पेटीच सुटल्याने. चौकापलीकडचा, आपल्याला पाठ दाखवणारा सिग्नल लोक हमखास विसरतात. त्याचे दिवे दिसत नाहीत, पण पेटी दिसते. तोही सिग्नलच, निवडायचा.

बाकीच्या वस्तू कमी त्रास देतात. पार्किंग मीटर म्हणजे पदपथाच्या काठावर कमरेइतक्या उंच दांडीवर बसवलेलं, गोलसर डोक्याचं यंत्र. नाणं किंवा कार्ड घालून जागेचं भाडं भरायचं. ओक्लाहोमा सिटीत १९३५ मध्ये पहिलं बसवलं गेलं आणि मग सगळीकडे पसरलं. एका दांडीवर दोन डोकीही असतात. चिमणी म्हणजे तिथे घराच्या उतरत्या छपरावरून वर आलेला विटांचा चौकोनी खांब, आपल्या स्वयंपाकघरातली धूर ओढणारी पेटी नव्हे. छपरावरचे बारीक पत्र्याचे नळ लोक चिमणीत धरत नाहीत. टॅक्सी म्हटली की मुंबईच्या माणसाला काळी-पिवळी आठवते, पण इथे बहुधा न्यूयॉर्कची पूर्ण पिवळी मोटार आणि तिच्या छपरावरची छोटी पाटी शोधायची. बसमध्ये शाळेची पिवळी बस धरायची, चाकांवरचं राहतं घर धरायचं नाही. ताडमाडाच्या प्रश्नात मात्र आपला कोकणातला आणि गोव्यातला वाचक तिथल्या माणसाच्याही पुढे असतो. नारळ, ताड, सुपारी, खजूर यांतलं काहीही असलं तरी निवडायचं.

सगळं बरोबर निवडूनही पुन्हा नवे फोटो येतात, तेव्हा माणूस हिरमुसतो. माझी नजरच कमी पडते, इंग्रजीच कच्चं आहे, असं वाटू लागतं. वयस्कर माणसं तर तिथेच अर्ज सोडून देतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा दोष त्यांच्या उत्तरांचा नसतो. ही यंत्रणा उत्तरांबरोबरच ब्राउझरचा इतिहास, त्यातल्या कुकी, कोणत्या जाळ्यावरून तुम्ही आलात हेही पाहते. खाजगी खिडकी उघडलेली असेल, व्हीपीएन चालू असेल, किंवा सायबर कॅफेत एकाच जोडणीवरून शेकडो लोक येत असतील, तर फोटोंच्या फेऱ्या वाढतात. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये संगणकाच्या साह्याने ही चित्रं प्रत्येक वेळी सोडवून दाखवली आणि यंत्रणा कुकी व ब्राउझरच्या इतिहासावर किती अवलंबून आहे हेही मांडलं. म्हणून तीन-चार फेऱ्या झाल्या तर व्हीपीएन बंद करावं, नेहमीची खिडकी वापरावी आणि पान पुन्हा उघडावं.

चुकलं की नाही हे संदेशावरून कळतं. "Please select all matching images." म्हणजे एखादा फोटो सुटला. "Please try again." म्हणजे यंत्रणेला खात्री पटली नाही, आणि ती नेहमी निवडीमुळेच असेल असं नाही. "Verification expired. Check the checkbox again." म्हणजे उत्तर बरोबर होतं, पण अर्ज पाठवायला उशीर झाला. ती संमती साधारण दोन मिनिटंच टिकते. त्यामुळे लांब अर्जात आधी सगळे रकाने भरावेत आणि फोटोंची पडताळणी अगदी शेवटी करावी.

फोटो ओळखू येत नसतील तर खालच्या गोल बाणाने दुसरा संच मागता येतो. त्याने काही बिघडत नाही. हेडफोनचं चिन्ह दाबलं की चित्रांऐवजी ऐकून लिहायचं काम मिळतं. दृष्टी अधू असलेल्यांसाठी ती सोय आहे, पण उच्चार परदेशी असतात. सूचना इंग्रजीतच असते असंही नाही. रिकॅप्चाच्या भाषांमध्ये मराठी आहे. संकेतस्थळ चालवणाऱ्याने भाषा ठरवून दिलेली नसेल तर ब्राउझरची भाषा पाहून सूचना येते, म्हणून ब्राउझरच्या सेटिंगमध्ये मराठी वर ठेवली तर वाक्य मराठीत दिसू शकतं. मराठी संकेतस्थळ चालवणाऱ्यांनी ती सोय आपणहून करून द्यावी. त्यासाठी एवढीच ओळ लागते:

```
<script src="https://www.google.com/recaptcha/api.js?hl=mr"></script>
```

एक सावधगिरी मात्र प्रत्येकाला हवी. गेल्या काही वर्षांत हुबेहूब अशीच दिसणारी खोटी पडताळणी पसरली आहे. "I'm not a robot" दाबलं की फोटो येत नाहीत. त्याऐवजी कळफलकावरची विंडोजची कळ आणि R एकत्र दाबा, मग Ctrl आणि V दाबा आणि Enter मारा, असं सांगितलं जातं. पानाने एक आज्ञा गुपचूप तुमच्या क्लिपबोर्डवर ठेवलेली असते आणि या कळा दाबल्या की ती तुमच्याच हाताने संगणकावर चालते. पासवर्ड चोरणारा प्रोग्राम त्यातूनच आत येतो. खरी पडताळणी पानावरच्या चौकटीतच पूर्ण होते: फोटो निवडा, ऐकून लिहा, फार तर टिचकी मारा. पानाबाहेर जाऊन कळा दाबायला, काही चिकटवायला किंवा उतरवून घ्यायला ती कधीच सांगत नाही. कळा अजून दाबल्या नसतील तर पान बंद करणं पुरेसं आहे. दाबून झाल्या असतील तर संगणकाचं इंटरनेट लगेच तोडायचं, बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदलायचे आणि संगणक जाणकाराकडून तपासून घेईपर्यंत त्यावर कुठेही लॉगिन करायचं नाही.